वाशी नाक्याचा डबा

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष वद्य पंचमी, मंगळवार, सकाळचा प्रहर. स्थळ, करवीर नगरीच्या बाहेर राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा नवा वाशी नाका. या नाक्यावर, शहराच्या दिशेने तोंड करून उभ्या असलेल्या आपल्या दुचाकीशेजारी, लग्नपत्रिका छापण्याच्या धंद्यात केस पांढरे केलेले कृष्णात खाडे सासुरवाडीहून येणाऱ्या जेवणाच्या डब्याची वाट पाहत उभे होते.

डबा साधा नव्हता. त्यांचे सासरे सयाजी पोवार पायाच्या जखमेसाठी शहरातल्या एका खासगी रुग्णालयात दाखल होते. त्यांना साखरेचा विकार होता आणि हट्टाचा त्याहून जुना. आदल्या दिवशी दुपारपासून त्यांनी अन्नाला शिवले नव्हते. रुग्णालयाच्या जेवणाला त्यांनी 'कागद' म्हटले होते, आणि लेकीने स्वतः रांधून नेलेल्या भाकरीला 'शहरातली' एवढेच म्हणून ती बाजूला सारली होती. पोटात अन्न पडल्याशिवाय सकाळचे इंजेक्शन देता येत नाही, असे परिचारिकेने सांगितले. दुपारच्या फेरीपर्यंत हे जेवले नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. नळी आली तर आपण उठून गावी जाऊ, असे सयाजींनी सांगितले. तिघांपैकी आपला शब्द फिरवणारे कोणीच दिसत नव्हते.

तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे शालूबाईंनी, राधानगरीजवळच्या आपल्या गावाहून डबा धाडला. नाचणीची भाकरी, पोकळ्याची भाजी, वर थोडा खर्डा. त्या भागातला रिवाजच आहे. शिकायला राहिलेली पोरे, दवाखान्यातली माणसे, कोर्टात तारखेला आलेले भाऊबंद, साऱ्यांचे डबे सकाळच्या एस.टी.ने येतात. फडक्यात बांधलेला डबा चालकाच्या हाती द्यायचा, नाव सांगायचे, थांबा सांगायचा. चालक तो आपल्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवतो आणि सांगितल्या ठिकाणी हाळी मारून हातात देतो.

शालूबाईंनी फोनवर एवढेच सांगितले होते, "पावणं, वाशी नाक्याला उभारा. ड्रायव्हरकडं दिलाय डबा."

"नवा की जुना?" असे कृष्णातरावांनी विचारले होते. विचारणारच. गेली कित्येक वर्षे ते गिऱ्हाइकांशी याच एका शब्दावरून भांडत आले होते. पत्रिकेवर नुसते 'वाशी नाका' छापण्यास ते नकार देत. अर्धे वऱ्हाड एका नाक्यावर आणि अर्धे दुसऱ्यावर उतरवण्याचे पाप आपल्या यंत्राच्या माथी नको, असे त्यांचे म्हणणे असे.

"वाशी नाका ओ! न्हेमीचा!" असे म्हणून शालूबाईंनी फोन ठेवला. जावयाला कामाला लावले याचाच त्यांना संकोच वाटत होता. त्यातून त्याला फोनवर फार वेळ धरून ठेवणे हे तर त्यांच्या लेखी रीतीला सोडून होते.

मग कृष्णातरावांनी प्रश्न स्वतःच निकालात काढला. राधानगरीहून येणाऱ्या गाडीला आधी लागतो तो नवा नाका. शिवाय वाशी हे गाव त्याच बाजूला. सबब त्या नावावर अधिक जवळचा हक्क याच नाक्याचा. तिसरे कारण त्यांनी मनातही उच्चारले नाही. ते नव्या नाक्यामागच्याच वसाहतीत राहत होते.

गाडी आली. लाल, धुळीने माखलेली, दारापर्यंत भरलेली. ती थांबताच कृष्णातराव चालकाच्या खिडकीखाली गेले.

"सयाजी पोवारांचा डबा आहे ना?"

चालकाने खाली पाहिले. त्याचे नाव पिराजी. मिशा भरघोस आणि घाई मुळीच नसलेला माणूस. "हाय की," तो म्हणाला.

"द्या इकडे."

"तो वाशी नाक्याचा हाय."

"हा वाशी नाकाच आहे."

"ह्यो नवा."

"नवा वाशी नाका हा वाशी नाका नव्हे काय? नवा बैल हा बैल नसतो?"

मागून कोणीतरी ओरडले, "ओ पावणं, बैलाचं मागनं बघू, कामाला उशीर हुतोय!"

पिराजी शांतपणे म्हणाला, "बाईनं सांगितलंय वाशी नाका. तितंच देणार. चढा की गाडीत, पुढं देतो."

येथे प्रश्न मिटत होता. एक थांबा पुढे जायचे होते. परंतु गाडीत चढणे म्हणजे आपला नाका हा नाका नव्हे हे मान्य करणे, आणि कृष्णातरावांनी आजवर एकही मुद्दा चालत्या वाहनासाठी सोडला नव्हता. "माझी गाडी इथे उभी आहे," ते म्हणाले. "आणि प्रश्न तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्व घिऊन मागनं या," असे दारातून वाहक म्हणाला. तो रफिक. त्याने घंटीची दोरी दोनदा ओढली, आणि डबा गेला.

कृष्णातरावांनी दुचाकीला लाथ मारली. ती तिसऱ्या लाथेला सुरू झाली. एवढ्यात आडवाटेने ऊस भरलेला एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत रस्त्यावर आला, गाडीच्या आणि त्यांच्या मधोमध. गाळप हंगामात राधानगरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला ओलांडणे ही जिवावरची गोष्ट आहे. कृष्णातरावांनी जिवाचा विचार केला आणि मागेच राहिले. ट्रॅक्टरवर गाणे लागले होते. ते अखेरपर्यंत ऐकावे लागले.

जुन्या वाशी नाक्यावर पोहोचताच त्यांनी आपल्या स्वभावाला शोभेल असे केले. ते पाटी शोधू लागले. रस्त्याच्या कडेला शहर बसची शेड होती आणि तिच्यावर अक्षरे होती, 'जुना वाशी नाका'. त्या अक्षरांखाली ते जाऊन उभे राहिले. अक्षरांवर त्यांचा विश्वास होता. एस.टी. कुठे दिसेना.

शेडच्या अलीकडे एका गाड्यावर तानाबाई नावाची बाई चहा उकळत होती. तिने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, "कुणाची वाट बगायलाय?"

"राधानगरीच्या एस.टी.ची. येऊन गेली काय?"

"गेली की. पर ती हितं न्हाय थांबत. हितं शिटी बस. यष्टी त्या वळणावर उभी राहती, पिंपळाखाली."

"तिथे पाटी नाही."

"पाटी न्हाय. यष्टी हाय," तानाबाई म्हणाली. "ड्रायव्हर हाळी मारत हुता की, सयाजी पोवाराचा डबा म्हणून. चार येळा मारली. कोण म्हनून फिरकलं न्हाय. तुमचाच व्हय?"

"मग तुमच्याकडे का ठेवला नाही?"

"पयलं ठेवायचे. पर मधी एका पोराचा मटणाचा डबा ठेवला, आन् कोण तरी येऊन 'त्यो माजाच' म्हणून घिऊन गेलं. नाव तर काय, ड्रायव्हर हाळी मारतोय, समद्या नाक्याला कळतंय! पोरगं बसलं उपाशी, आन् त्येची आय हितं येऊन मला शिव्या घालून गेली. तवापास्नं मी न्हाय ठेवत. आन् ड्रायव्हरबी वळखल्याबगर दीत न्हाईत. जिथं सांगितलंय तिथं जो उभा, त्योच मालक."

कृष्णातरावांच्या ध्यानात आता एक गोष्ट आली आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. चालकाच्या दृष्टीने ठिकाण हीच ओळख होती. नाव कोणीही सांगेल. खरा माणूस तो, ज्याला नाका ठाऊक आहे. आणि आपण नव्या नाक्यावर उभे राहून, हाच तो, असे वाद घालून सांगितले होते. मटणचोराने याहून वेगळे काय केले असते?

"गाडी आता कुठे गेली असेल?"

"स्टँडला."

"कुठल्या?"

तानाबाईने हातातले गाळणे थांबवले. "पाटी बगितली न्हाईसा व्हय? रंकाळा, का संभाजीनगर, का मोठा स्टँड? गाडीच्या म्होरंच लिवलेलं असतंय."

त्यांनी पाहिली नव्हती. गाडीच्या कपाळावर ठसठशीत अक्षरे होती, ते तिच्या अगदी समोर उभे होते, आणि बैलाचा दृष्टांत देण्यात गुंतले होते.

फोन वाजला. पत्नी वर्षाराणी होती.

"अवो, कुठं हायसा? अप्पांनी चादर घडी करून ठेवलीया."

"का?"

"का म्हंजे? निघायची तयारी! पिशवी उशाला घेऊन बसल्यात. म्हणत्यात, नळीवाला आला की मी चाललो. चप्पल सुदिक मागवलीया. त्या पायात चप्पल जात न्हाय, तर माझी घालतो म्हणत्यात. मिळाला न्हवं डबा?"

"डबा मार्गस्थ आहे."

"मार्गस्थ म्हंजे?"

"गाडीत आहे."

"आन् तुम्ही?"

"मी नाक्यावर आहे."

मग वर्षाराणी खोलीतल्या कोणाला तरी म्हणाली, "न्हाय मिळाला." आणि फोन बंद झाला.

कृष्णातरावांनी पुन्हा विचार केला. हा त्या दिवशीचा त्यांचा दुसरा विचार. गाडी रंकाळ्याच्या अंगाने शहरात शिरली. सबब ती रंकाळा बसस्थानकात गेली असणार. ते रंकाळा बसस्थानकात गेले. तेथे चौकशीच्या खिडकीत बसलेल्या गृहस्थांनी त्यांचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले, अगदी तात्त्विक भागासह, आणि मग विचारले, "गाडीवर काय लिहिलं होतं?"

"तेच तर पाहिलं नाही."

"अहो, राधानगरीच्या गाड्या इथंही येतात, संभाजीनगरलाही जातात, काही सरळ मध्यवर्तीला. पाटी बघून सांगा की."

"पाटी गाडीवर आहे."

"मग गाडी बघा." पण मग त्यांना दया आली असावी. त्यांनी फोन उचलला, कोणाशी तरी दोन शब्द बोलले आणि म्हणाले, "संभाजीनगरला लागलीय. परतीला सुटायच्या बेतात आहे. पळा."

संभाजीनगर बसस्थानकात गाडी उभी होती. कृष्णातरावांनी आधी पाटी वाचली. 'संभाजीनगर – राधानगरी'. पाटीने काही लपवले नव्हते. चालकाच्या आसनाशेजारी, इंजिनाच्या झाकणावर, निळ्या फडक्यात बांधलेला डबा होता. पिराजी खाली उभा राहून बशीतून चहा पीत होता.

"आता द्या," कृष्णातराव म्हणाले. "वाशी नाका म्हणजे जुना वाशी नाका. वळणावरचा पिंपळ. माझी चूक झाली."

पिराजीने बशी रिकामी केली. "त्ये मीच सांगितलं की तुम्हास्नी, ह्यो नवा म्हणून. मी सांगितल्यालं मलाच सांगून कसं भागंल?"

"मी त्यांचा जावई आहे!"

"असशीला. माझी काय ना न्हाय."

कृष्णातरावांनी आधार कार्ड काढले. पिराजीने ते नीट पाहिले, उलटून पाहिले. "ह्याच्यात खाडे हाय. डबा पोवाराचा."

"जावयाचं आडनाव सासऱ्याचं कसं असेल?"

"त्येबी खरंच," पिराजी म्हणाला आणि कार्ड परत दिले.

मग त्यांनी फोनमधले लग्नातले छायाचित्र दाखवले. त्यात मुंडावळ्या बांधलेला एक बारीक तरुण होता आणि बाजूला सयाजी पोवार फेट्यात उभे होते. रफिक मान पुढे करून पाहू लागला. "ह्यो फेटेवाला पोवार आण्णाच हाय, पिराजी. वळखलं मी. पर नवरा कोण हाय त्ये कळंना."

"तो मी!"

रफिकने छायाचित्राकडे पाहिले, मग समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटाकडे. "अल्लाकसम, न्हाय वाटत," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

शालूबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्या वेळी त्या गोठ्यात असतात आणि फोन घरात खुंटीला असतो, हे घरातल्या साऱ्यांना ठाऊक होते. रुग्णालयात फोन लावून सयाजींनाच बोलायला लावावे, असे कृष्णातरावांच्या मनात आले. परंतु डबा मिळत नाही म्हणून त्यांची साक्ष काढणे म्हणजे त्यांच्या हाती चप्पल देणे होते.

"मी देत न्हाय असं न्हाय," पिराजी शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पर पावणं, त्या मटणाच्या डब्याचा पाच गावांत बोभाटा झाला. डबा देणाऱ्या बाया आमच्या भरवशावर बसत्यात. ज्या जाग्याला सांगितलाय त्या जाग्याला तुम्ही खाली उभारा, मी तिथं हातात देतो. मग उद्या कुणी विचारलं तर मला सांगाय येतं, नाक्याला दिला म्हणून."

"मी दुचाकीने मागून येतो."

"मगाशी आलतासा की," रफिक म्हणाला. "तिकीट काढा. जुना वाशी नाका. एकच सीट हाय, ड्रायव्हरच्या मागं. डबाबी दिसंल."

कृष्णातरावांनी मुद्द्यांची जुळवाजुळव केली. मुद्दे होते. नेहमीप्रमाणे चांगले होते. पण तिकडे एक म्हातारा लेकीची चप्पल पायात कोंबत होता. त्यांनी दुचाकी स्थानकाच्या कडेला कुलूप लावून उभी केली आणि तिकीट काढले.

गाडी हलली. डबा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. खड्डा आला की तो उडे आणि झाकणावर परत बसे, आणि प्रत्येक वेळी कृष्णातरावांचा हात आपोआप पुढे जाई आणि ते तो मागे घेत. खर्ड्याचा वास येत होता. तेवढ्या प्रवासात, बोलायला कोणी नसल्यामुळे, त्यांना एक गोष्ट सुचली. जुन्या नाक्याला 'जुना' हे विशेषण नवा नाका झाल्यावर लागले. त्याआधी तो नुसता नाका होता. शालूबाई या रस्त्याने पहिल्यांदा कोल्हापूरला आल्या तेव्हाही तो नुसता नाका होता, आणि त्यांच्या तोंडी तो अजून तसाच होता. विशेषण नव्यानेच मिरवायचे असते. जुन्याला त्याची गरज पडत नाही. पत्रिकांवर 'जुना' छापण्याचा आग्रह त्यांनी इतकी वर्षे धरला, पण ज्यांना तो शब्द लागतच नाही अशी माणसे मंडपात सर्वांच्या आधी पोहोचत, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली होती.

"जुना वाशी नाका!" रफिकने पुकारले.

गाडी थांबली, परंतु परतीची असल्यामुळे रस्त्याच्या दुसऱ्या कडेला. पिंपळ समोरच्या बाजूला होता. कृष्णातराव उतरले, गाडीला वळसा घालून चालकाच्या खिडकीखाली आले आणि मान वर करून उभे राहिले.

पिराजीने खिडकीतून बाहेर पाहिले, जणू त्या माणसाला प्रथमच पाहत असावा. मग त्याने दोन्ही तळव्यांचा कर्णा करून, सगळ्या नाक्याला ऐकू जाईल अशी हाळी मारली, "सयाजी पोवाराचा डबा!"

"माझ्याकडे द्या," कृष्णातराव म्हणाले.

"कुठनं आलाय?"

"राधानगरीहून. शालूबाईंनी धाडलाय."

"घ्या." डबा खिडकीतून खाली आला. फडके अजून किंचित कोमट होते. "पोवार आण्णास्नी सांगा, पिराजीनं विचारलंय म्हणून."

पलीकडून तानाबाई ओरडली, "मिळाला व्हय ओ?" कृष्णातरावांनी डबा वर करून दाखवला आणि रिक्षाला हात केला.

ते रुग्णालयाच्या खोलीत शिरले तेव्हा सयाजी पोवार पलंगाच्या काठावर बसले होते. डाव्या पायात वर्षाराणीची चप्पल होती. उजव्या पायाला पट्टी होती. दारात परिचारिका एका ट्रेवर काहीतरी झाकून उभी होती. वर्षाराणीने नवऱ्याच्या हाताकडे पाहिले, डोळे मिटले आणि उघडले.

"चप्पल काढा, अप्पा," ती म्हणाली.

फडके सुटले. सयाजींनी भाकरी उचलली, नाकाशी नेली आणि मग मोडली. ते सावकाश खात होते. आधी भाकरीचा काठ, मग भाजी, मग खर्डा लावून मधला भाग. डॉक्टरांनी खर्डा कमी खायला सांगितले होते. परिचारिकेने त्या वेळी खिडकीबाहेर पाहिले. दोन भाकऱ्या संपल्या. तिने ट्रेवरचे झाकण काढून इंजेक्शन दिले आणि नळीचा विषय कोणी काढायच्या आत ती निघून गेली.

सयाजींनी हात पुसले. मग जावयाकडे वळून विचारले, "का उशीर झाला?"

कृष्णातरावांनी सांगितले. क्रमाने सांगितले. नवा नाका, जुना नाका, शेडवरची पाटी, पिंपळ, दोन्ही स्थानके, मटणाचा डबा, आधार कार्ड, छायाचित्र. 'जुना' या विशेषणाच्या उत्पत्तीचाही उल्लेख त्यांनी केला. आणि शेवटी, चूक कोठे झाली हे पाहता, नुसते 'वाशी नाका' म्हणणे हे आजच्या काळात पुरेसे नाही, असे त्यांनी नम्रपणे पुढे ठेवले.

वर्षाराणी डबा धुवायला उठली होती. ती दारातच थांबली.

सयाजी पोवार पलंगावर आडवे झाले, चादरीची घडी उलगडली आणि गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"वाशी नाका एकच हाय," ते म्हणाले.